'खेळात रस कमी' : सातवीच्या प्रगतिपुस्तकातल्या एका शेऱ्याचं प्रकरण

पार्श्वभूमी

मी शारीरिक शिक्षण शिकवते. ज्या वर्षाचं हे प्रकरण आहे त्या वर्षी माझ्याकडे सातवीच्या पाच तुकड्या होत्या, प्रत्येकीत ३८ मुलं म्हणजे एकूण १९०, आणि प्रत्येक तुकडीला आठवड्यातून ४० मिनिटांचे दोन तास. सत्र संपलं की प्रत्येक मुलाच्या प्रगतिपुस्तकात एक श्रेणी आणि एक शेरा भरायचा, आणि तो भरायला साधारण दोन आठवडे मिळायचे. ओळख पटू नये म्हणून मुलांची नावं देत नाही आणि काही बारीकसारीक तपशील बदललेत, बाकी घडलं ते तसंच आहे.

तोपर्यंत मी शेरे कसे लिहायचे ते आधी सांगते, कारण पुढचं सगळं त्यातूनच आलं. सत्राच्या सुरुवातीला आणि शेवटी ५० मीटर धावणं आणि जागेवरून लांब उडी घ्यायचो, ते आकडे समोर असायचे, वर्षभर मैदानावर जे दिसलं ते डोक्यात असायचं आणि त्यावरून लिहायचं. 'उत्कृष्ट खेळाडू', 'खेळात चांगला सहभाग', 'अधिक सरावाची गरज', 'शारीरिक क्षमता वाढवावी' अशी आठ-नऊ वाक्यं ठरलेली होती. एका तुकडीचे शेरे अर्ध्या तासात व्हायचे.

अडचण

पहिल्या सत्रानंतरच्या पालकसभेत एका मुलीची आई प्रगतिपुस्तक घेऊन आली. शेरा होता : 'खेळात रस कमी. शारीरिक क्षमता वाढवण्याची गरज.' आई रागावलेली नव्हती, तिने फक्त विचारलं, "मॅडम, ती पीटीच्या दिवशी सकाळी पोट दुखतंय म्हणते. हे वाचल्यापासून जास्तच. रस कमी म्हणजे तुम्हाला नेमकं काय दिसलं?"

मला उत्तर देता आलं नाही. म्हणजे मी बोलले काहीतरी, मागे मागे राहते वगैरे, पण नेमकी कोणत्या तासाला, कोणती गोष्ट करताना मागे राहिली ते सांगता येईना, कारण माझ्याकडे तशी नोंदच नव्हती. ५० मीटरला ती शेवटच्या तिघींत होती एवढं मात्र चांगलं आठवत होतं.

घरी येऊन १९० शेरे छापून घेतले आणि सारखे शेरे एकत्र करत गेले. 'उत्कृष्ट' असा शेरा ३४ मुलांना होता आणि त्यातली २७ शाळेच्या कुठल्या ना कुठल्या संघात होती, म्हणजे शाळेबाहेर किंवा शाळा सुटल्यावर सराव करणारी. 'क्षमता वाढवावी' वाल्या मुलांचे ५० मीटरचे वेळ काढले तर ती जवळपास शेवटची यादीच होती. थोडक्यात, माझ्या तासाला कोण काय शिकलं याबद्दल त्या शेऱ्यांमध्ये एक शब्द नव्हता, मूल सत्राच्या पहिल्या दिवशी जसं मैदानावर आलं तसंच मी त्याचं वर्णन करून परत दिलं होतं.

सातवीत हे जास्त टोचतं. १२-१३ वर्षांच्या मुलांमध्ये काहींची उंची झपाट्याने वाढायला लागलेली असते, काहींची अजून सुरूच झालेली नसते, मुलींची वाढ मुलांच्या सरासरी दोनेक वर्षं आधी सुरू होते, शिवाय एकाच वर्गात वयाचा जवळजवळ वर्षाचा फरक असू शकतो. एकदम उंच झालेलं मूल काही महिने अवघडल्यासारखंही हालचाल करतं. हे सगळं ५० मीटरच्या आकड्यात मिसळलेलं असतं आणि यातलं काहीच मुलाने शिकून कमावलेलं किंवा न शिकून गमावलेलं नसतं. त्या मुलीने 'क्षमता वाढवावी' वाचून सोमवारी मैदानात येऊन करायचं तरी काय?

कोणते पर्याय होते

मुख्याध्यापिकांशी आणि माझ्यासोबत खेळ शिकवणाऱ्या सहकाऱ्याशी बोलले. पहिला विचार असा आला की शेराच बंद करावा, फक्त श्रेणी ठेवावी. सोपं होतं, पण श्रेणीने तर आईच्या प्रश्नाला अजूनच कमी उत्तर मिळालं असतं.

सहकाऱ्याचं म्हणणं होतं की ५०-६० चांगल्या वाक्यांची एक बँक करू, सकारात्मक भाषेतली, आणि त्यातून निवडू. हा पर्याय मी बरेच दिवस मनात ठेवला होता कारण १९० मुलं ही खरी अडचण आहे, ती कमी लेखून चालत नाही. पण प्रयोग म्हणून आम्ही दोघांनी त्याच दहा मुलांसाठी वेगवेगळं बसून वाक्यं निवडली तर दहापैकी तीनच जुळली. नोंदी नसतील तर वाक्य कितीही गोड असलं तरी ते अंदाजानेच चिकटवलं जातं, बँक असो वा नसो.

तिसरा पर्याय याच्या अगदी उलटा, की सत्रातल्या सगळ्या अध्ययन निष्पत्तींचा तक्ता करायचा आणि प्रत्येक मुलापुढे बरोबर-चूक भरायचं. माझ्या सत्रात तेव्हा ११ निष्पत्ती लिहिलेल्या होत्या. ११ गुणिले १९० म्हणजे दोन हजारांवर खुणा, त्या मी शेवटच्या आठवड्यात आठवून आठवूनच भरल्या असत्या.

शेवटी जे ठरलं ते असं, की एका सत्रात एकच घटक शेऱ्यासाठी घ्यायचा, त्याच्या दोन-तीनच निष्पत्ती, आणि त्या प्रत्येक मुलाच्या बाबतीत दोनदा बघायच्या. बाकीचे घटक शिकवायचेच, त्यांची श्रेणीही द्यायची, पण शेरा या एकावर. सहकाऱ्याला ते अर्धवट वाटलं, वर्षभराच्या खेळाबद्दल एकाच कौशल्यावर काय लिहायचं म्हणून. त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. पण एका गोष्टीबद्दल खात्रीने लिहिणं मला सगळ्याबद्दल अंदाजाने लिहिण्यापेक्षा बरं वाटलं.

काय केलं

दुसऱ्या सत्रात व्हॉलीबॉलचा सहा आठवड्यांचा घटक होता, म्हणजे प्रत्येक तुकडीचे १२ तास. आधीची निष्पत्ती होती 'विद्यार्थी व्हॉलीबॉलची मूलभूत कौशल्ये आत्मसात करेल', आणि हे वाक्य घेऊन मैदानात उभं राहिलं तर बघायचं काय तेच कळत नाही. ती मोडून तीन केल्या. एक, जोडीदाराने चार मीटरवरून टाकलेला चेंडू दोन्ही हात जोडून खालून पास करणं, ज्याला आपण फोरआर्म पास म्हणतो. दोन, जोडीदाराचा पास बघून त्याने काय बदलावं ते नेमकं सांगता येणं. तीन, तिघांच्या छोट्या खेळात 'माझा' किंवा 'तुझा' अशी हाक वेळेवर देणं.

पहिल्या निष्पत्तीसाठी बघायच्या खुणा तीनच ठेवल्या : चेंडू पोचण्याआधी पाय हलवून त्याच्या मागे जाणं, हात सरळ आणि जोडलेले ठेवून झोका न देणं, आणि उचल गुडघ्यातून येणं. चेंडू जोडीदाराकडे पोचला का हे मुद्दाम खुणांमध्ये घेतलं नाही. ताकदवान मूल चुकीच्या पद्धतीनेही चेंडू पोचवतं आणि पद्धत बरोबर शिकलेल्या लहानखुऱ्या मुलाचा चेंडू कधी अर्धा मीटर आधी पडतो, मग आपण पुन्हा अंगकाठीच मोजायला लागतो.

बघण्याचं गणित असं बसवलं : एका तासाला सात मुलं, प्रत्येकाचे पाच चेंडू, म्हणजे ३५ चेंडू. बाकीचे जोड्यांमध्ये सराव करत असताना हे दहा-बारा मिनिटांत होतं. ३८ मुलं सहा तासांत होतात, म्हणजे १२ तासांत दोन फेऱ्या, आणि दोन्ही फेऱ्यांत क्रम तोच ठेवला की प्रत्येक मुलाच्या दोन नोंदींत तीन आठवड्यांचं अंतर राहतं. वहीत प्रत्येक खुणेपुढे पाचपैकी किती वेळा दिसली तो आकडा, आणि जागा उरली तर दोन शब्द. बस.

पहिल्याच फेरीत त्या मुलीबद्दल जे कळलं ते मला आजही आठवतं. पाय १, हात १, गुडघे २. पण आकड्यापेक्षा दोन शब्द महत्त्वाचे होते, मी लिहिलं होतं 'हात ओढते'. चेंडू यायच्या क्षणी ती हात आत ओढून घ्यायची आणि मग सुटलेल्या चेंडूला झोक्याने मारायची. विचारलं तर तिने हात पुढे केले, मनगटाच्या वरचा भाग लालबुंद. कडक चेंडू लागत होता, दुखत होतं, म्हणून ती मागे राहत होती. 'रस कमी' असं मी ज्याला म्हटलं होतं ते बहुतेक हेच होतं, निदान व्हॉलीबॉलपुरतं तरी. दुसऱ्या तासापासून तिला आणि अशा आणखी काही मुलांना स्पंजचा हलका चेंडू दिला, आणि तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी नेहमीचा.

दुसऱ्या फेरीत तिचे आकडे होते पाय १, हात ४, गुडघे ४. आणि दुसऱ्या निष्पत्तीत ती वर्गातल्या सगळ्यात नेमकं बोलणाऱ्यांपैकी होती, जोडीदाराला म्हणाली, "तू उभीच राहतेस, आधी वाक, मग आपोआप वर जाईल." हे माझ्या आधीच्या पद्धतीत कुठेच दिसलं नसतं.

आकडे शेऱ्यात घालायचे की नाही यावर थोडा विचार करावा लागला. 'पाचपैकी चार' लिहिलं की पालक शेजारच्या मुलाचे किती ते विचारणार आणि आपण परत तुलनेवर येणार, म्हणून आकडे वहीतच ठेवले आणि शब्द ठरवून घेतले : चार-पाच वेळा दिसलं तर 'बहुतेक वेळा', दोन-तीन वेळा तर 'कधीकधी', त्याहून कमी असेल तर ती गोष्ट 'पुढची पायरी' म्हणून लिहायची. शब्दांचा अर्थ पाचही तुकड्यांत तोच.

शेरे लिहिताना

इथे मी सगळ्यात जास्त चुकले, म्हणून जरा सविस्तर सांगते.

त्या मुलीसाठी माझा पहिला मसुदा असा होता : 'शरीरयष्टीची अडचण असूनही छान प्रयत्न करते. आत्मविश्वास वाढत आहे, पण अजून सरावाची गरज आहे.' वहीत इतक्या चांगल्या नोंदी असताना हातातून हे वाक्य उतरलं, जुनी सवय इतकी घट्ट असते. दुसऱ्या दिवशी वाचलं तेव्हा 'असूनही' हा शब्द खटकला. शेऱ्यात 'असूनही' आलं की त्याच्या आधी जे काही असेल ते मुलाच्या अंगावरचं लेबल असतं, उंची कमी असूनही, मुलगी असूनही, वजन असूनही, आणि वाचणारं मूल लक्षात ठेवतं ते तेवढंच. 'पण'चंही तसंच आहे, 'पण'च्या आधीचं कौतुक कुणी वाचत नाही, सगळे 'पण'नंतरच्या भागाकडे जातात. तेव्हापासून मसुदा झाला की मी हे दोन शब्द शोधते आणि सापडले की वाक्य परत लिहिते, 'मात्र'ही त्यातच आला.

'छान प्रयत्न' हीही अडचणच होती. कुणाला काय शेरा मिळतो ते मुलांना पक्कं माहीत असतं, ज्याला जमतं त्याला 'उत्कृष्ट' आणि ज्याला जमत नाही त्याला 'प्रयत्न'. प्रयत्नांचं कौतुक करायचं तर त्याने काय केलं ते लिहायला हवं, हलक्या चेंडूवर पद्धत बसवली आणि मग कडक चेंडू मागून घेतला, असं काहीतरी. 'आत्मविश्वास वाढत आहे' तर मी बघितलंच नव्हतं, ते मनातलं झालं. मग मी स्वतःला एक साधी अट घातली की शेऱ्यातली प्रत्येक गोष्ट मैदानावर उभ्या असलेल्या दुसऱ्या माणसालाही दिसली पाहिजे. 'रस कमी', 'आळशी', 'लाजाळू' यातलं काहीच दिसत नाही. 'चेंडू सुटला तरी पाय जागेवरच' हे दिसतं.

शेवटी जो शेरा गेला तो असा : 'व्हॉलीबॉलमध्ये खालून पास करताना हात आधी झोक्याने वर जायचे, आता बहुतेक वेळा सरळ आणि स्थिर राहतात आणि गुडघ्यातून उचल येते. जोडीदाराची चूक नेमकी ओळखून सांगते. पुढची पायरी: जोडीदाराच्या हातातून चेंडू सुटताच पाय हलवणं.'

याची बांधणी बघितली तर आधी कशाबद्दल बोलतोय ते, मग आधी काय होतं आणि आता काय दिसतं, आणि शेवटी एकच पुढची पायरी, जी पुढच्या तासाला लगेच करून बघता येईल. 'खेळ सुधारावा' ही पायरी नाही, 'चेंडू सुटताच पाय हलवणं' ही आहे.

दुसरा मुलगा शाळेच्या संघातला. आधीचा शेरा 'उत्कृष्ट खेळाडू, अशीच प्रगती करत राहा'. दोन्ही फेऱ्यांत त्याचे तिन्ही आकडे पाच-पाच, म्हणजे पहिल्या निष्पत्तीत माझ्या सहा आठवड्यांनी त्याला काहीच दिलं नव्हतं, आणि हे कबूल केल्याशिवाय त्याच्याबद्दल काही लिहिता येईना. तिघांच्या खेळात वेगळंच दिसत होतं, तो जोडीदाराच्या जागेतला चेंडूही धावत जाऊन स्वतःच घ्यायचा आणि हाक द्यायचाच नाही, दहा मिनिटांच्या खेळात एका जोडीदाराचा चेंडूला दोनदाच हात लागला. त्याला लिहिलं : 'खालून पासच्या तिन्ही खुणा बहुतेक वेळा दिसतात. तिघांच्या खेळात प्रत्येक चेंडूमागे जातो. पुढची पायरी: चेंडू जाळीवरून येतानाच माझा किंवा तुझा अशी हाक देणं आणि तुझा म्हटल्यावर जागेवर थांबून दुसऱ्या पाससाठी तयार राहणं.'

तिसरं प्रकरण सगळ्यात अवघड. एका मुलाचे आकडे हललेच नाहीत, पाय ०, हात १, गुडघे १, आणि तीन आठवड्यांनी पाय ०, हात १, गुडघे २. इथे प्रोत्साहन द्यायचं म्हणून 'चांगली प्रगती' लिहिणं म्हणजे खोटं, आणि मुलाला ते खोटं आहे हे कळतं. मी एका तासाला फक्त त्यालाच बघितलं. तयार उभं राहणं, हात जोडणं हे तो प्रत्येक वेळी बरोबर करत होता, अडत होतं ते शेवटच्या क्षणी, चेंडू जवळ आला की तोंड बाजूला वळायचं. मग शेरा झाला : 'पाससाठी तयार उभं राहणं आणि हात जोडणं प्रत्येक वेळी दिसतं. चेंडू जवळ येताच नजर बाजूला जाते, त्यामुळे पास सुटतो. पुढची पायरी: हलक्या चेंडूवर, हाताला लागेपर्यंत नजर चेंडूवर ठेवणं.' नजरेचा प्रश्न डोळ्यांचाही असू शकतो म्हणून वर्गशिक्षिकांमार्फत पालकांना डोळे तपासायला सांगितलं, ते शेऱ्यात लिहिलं नाही. डोळे ठीक निघाले, भीतीच होती. आकडे न हलण्याचं कारण शोधल्याशिवाय त्या मुलाचा शेरा लिहिताच आला नसता, निदान खरा तरी नाही.

आणखी एकाचा हात पूर्ण घटकभर प्लॅस्टरमध्ये होता. त्याच्यासाठी पहिली निष्पत्ती रिकामी ठेवली, 'पासची नोंद या सत्रात झाली नाही' असं सरळ लिहिलं, आणि शेरा दुसऱ्या निष्पत्तीवर दिला कारण तो दर तासाला जोड्यांच्या खुणा मोजत होता आणि त्याचे आकडे माझ्या आकड्यांशी बरेचसे जुळायचे.

एक अगदी साधी पण त्रासाची गोष्ट. प्रगतिपुस्तकाच्या सॉफ्टवेअरमध्ये शेऱ्याला २५० अक्षरांची मर्यादा होती, आणि देवनागरीत काना, मात्रा, अनुस्वार, हलंत हे सगळे वेगळे मोजले जातात, 'स्थिर' हा डोळ्याला दोन अक्षरांचा शब्द तिथे पाच मोजतो. पहिल्या तुकडीचे बरेच शेरे शेवटच्या वाक्याच्या मध्येच तुटले आणि तुटलं ते 'पुढची पायरी'च, म्हणजे जे सगळ्यात कामाचं तेच. मग आधी वेगळ्या फाइलमध्ये लिहून मोजणी बघून मगच टाकायला लागले.

वेळेचं सांगायचं तर एका शेऱ्याला सुरुवातीला सहा-सात मिनिटं लागत होती, नंतर तीन-साडेतीन. १९० मुलांचे मिळून दहा-बारा तास धरा. आधी अडीच तासांत व्हायचं. शेवटच्या दोन आठवड्यांत हे जमलंच नसतं, जमलं ते केवळ दुसऱ्या फेरीच्या त्या त्या दिवशीच सात मुलांचे शेरे लिहून टाकल्यामुळे, तेव्हा मूल डोळ्यासमोर असतं आणि वही जवळजवळ उघडावीही लागत नाही.

काय झालं

त्या मुलीची आई पुढच्या सभेला आली तेव्हा तिने आधी विचारलं, "म्हणजे हे चांगलं आहे ना, मॅडम?" शेऱ्यात कुठे चांगलं-वाईट नव्हतं म्हणून ती गोंधळली होती. समजावून सांगितल्यावर म्हणाली की लेक घरी भिंतीसमोर पाय हलवून दाखवत असते. पोटदुखी पूर्ण थांबली असं मी म्हणणार नाही, धावण्याच्या चाचणीच्या दिवशी ती तशीच गैरहजर राहिली. पण व्हॉलीबॉलच्या तासाला स्वतःहून येऊन "मॅडम, पाय बघा ना माझे" असं म्हणाली, दोनदा.

संघातल्या मुलाचे वडील नाराज झाले. "गेल्या वेळी उत्कृष्ट होता, आता काय झालं?" त्यांना मी वहीतली नोंद दाखवली, तिघांच्या खेळात कोणाचा किती वेळा हात लागला ती. त्यांना ते पूर्ण पटलं असं वाटत नाही. मुलाला पटलं, किंवा निदान समजलं, कारण पुढच्या खेळात तो इतक्या मोठ्याने 'तुझा' ओरडत होता की शेजारची तुकडी थांबून बघायला लागली.

वर्गशिक्षिकांकडून वेगळीच तक्रार आली. पहिल्या दोन तुकड्यांत मी 'फोरआर्म पास', 'प्लॅटफॉर्म' असे शब्द वापरले होते आणि पालक त्यांना अर्थ विचारत होते. पुढच्या तीन तुकड्यांत 'दोन्ही हात जोडून खालून पास', 'हात सरळ आणि स्थिर' असं लिहिलं. त्यात अक्षरं जास्त जातात, पण घरी वाचणाऱ्याला चित्र दिसतं.

एका तुकडीत पावसाने चार तास गेले. तिथे दुसरी फेरी अर्ध्याहूनही कमी मुलांची झाली आणि उरलेल्यांना मी 'आधी-आता' असं न लिहिता फक्त जे एकदा दिसलं तेच लिहिलं. ते शेरे पातळ आहेत आणि वाचताना तसे दिसतात.

आज वेगळं काय करेन

पहिली फेरी तीन आठवड्यांत पसरली होती, म्हणजे ज्या मुलांचा नंबर पहिल्या तासाला आला त्यांना मी काहीही शिकवायच्या आधी बघितलं आणि ज्यांचा सहाव्या तासाला आला ती तोपर्यंत बरंच शिकलेली होती. साहजिकच पहिल्यांची प्रगती कागदावर मोठी दिसली आणि शेवटच्यांची लहान. आम्ही दोघं आता पहिल्या दोन तासांतच सगळ्यांची एकदम ढोबळ नोंद घेतो, एकच खूण, प्रत्येकी दोन चेंडू, आणि सविस्तर फेरी नंतर.

दुसरं, मी पास फक्त जोडीतल्या सरावात बघितला. सरावात चेंडू सांगून येतो, खेळात तसा येत नाही, आणि ज्यांच्या शेऱ्यात 'बहुतेक वेळा' आहे त्यातल्या काहींचे खेळात गुडघे वाकतच नव्हते. शेरा खोटा नव्हता पण अर्धा होता. पुढच्या वेळी एक नोंद सरावातली आणि एक खेळातली घेईन, आणि शेऱ्यात 'जोडीच्या सरावात' की 'खेळात' हे शब्द घालेन.

तिसरं मला खूप उशिरा सुचलं. शेरा जाण्याआधी मुलाला दाखवायला हवा होता. या वर्षी एका तुकडीत करून बघितलं, प्रत्येकाला कागदाच्या चिठ्ठीवर त्याचा मसुदा दिला आणि खाली एक ओळ रिकामी ठेवली, पुढची पायरी बरोबर वाटते का, नाहीतर तू कोणती निवडशील. बहुतेकांनी 'बरोबर' लिहिलं. पाच-सहा जणांनी बदलली, आणि त्यातल्या निदान तिघांचं मला पटलं. एकाने लिहिलं होतं, 'पाय हलतात माझे, पण डावीकडेच हलतात.' मी वही बघितली, मी दर वेळी त्याच्या उजव्या बाजूला उभी होते आणि जोडीदार चेंडू डावीकडेच टाकत होता. त्याच्या शेऱ्यात ती ओळ त्याच्याच शब्दांत घातली, आणि आता जोडीदाराने पाचपैकी दोन चेंडू उजवीकडे टाकायचे असं वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय.